मसुद्याला विचारायचे प्रश्न

पत्रकारितेच्या किंवा मराठीच्या वर्गात विद्यार्थ्यांना एकमेकांचे कच्चे लेख वाचून अभिप्राय लिहायला सांगितला, की बहुतेक कागदांवर दोनच गोष्टी येतात. वर ‘लेख छान झाला आहे, भाषा ओघवती आहे’ असे एखादे वाक्य असते आणि खाली ऱ्हस्व-दीर्घाच्या पाच-सहा दुरुस्त्या. लेखकाच्या हाती यातून काही लागत नाही. तो वेलांट्या नीट करतो आणि तोच लेख पुन्हा देतो. याचे खापर विद्यार्थ्यांच्या आळसावर किंवा मैत्रीतल्या भिडेवर फोडले जाते. त्यात तथ्य आहेच, पण मोठा दोष त्यांना दिलेल्या प्रश्नपत्रकाचा असतो. ‘लेखाची मांडणी योग्य आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर लेख न वाचताही देता येते. ‘पुरावे पुरेसे आहेत का?’ यालाही देता येते.

उत्तर लिहिताना वाचकाला मजकुराकडे परत जावेच लागेल, असा प्रश्न अशा सरावात उपयोगी पडतो. त्यासाठी निकाल मागणारा प्रश्न बदलून वृत्तांत मागणारा करावा लागतो. मांडणी कशी आहे हे न विचारता ‘वाचताना कोणत्या परिच्छेदाशी थांबून मागे जावे लागले, आणि काय शोधण्यासाठी?’ असे विचारले, की उत्तराला ठिकाण आणि कारण दोन्ही द्यावे लागते. अमेरिकेतले लेखन-शिक्षक पीटर एल्बो यांनी १९७३ सालच्या आपल्या पुस्तकात याच वाटेचा आग्रह धरला होता. वाचकाने न्यायाधीश होऊ नये, वाचताना आपल्या मनात काय काय घडत गेले ते सांगावे, असे त्यांचे म्हणणे. विद्यार्थ्याला हे जमते, कारण त्यासाठी लेखकापेक्षा जाणकार असावे लागत नाही. ‘मला इथे काही कळले नाही’ हे सांगण्याचा अधिकार प्रत्येक वाचकाला असतो. उत्तम लेख कसा असतो हे मात्र पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असेलच असे नाही.

हे प्रश्न प्रत्यक्षात कसे काम करतात ते पाहण्यासाठी एक मसुदा कल्पावा. विषय आहे मराठवाड्यातला ऊस आणि पाणी. लेख सुमारे नऊशे शब्दांचा आणि आठ परिच्छेदांचा आहे. पहिल्या परिच्छेदात २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन गेलेली रेल्वे येते. दुसऱ्यात सहकारी साखर कारखानदारीचा इतिहास आहे. प्रवरानगरचा कारखाना, विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ हे सारे तिथे भेटतात. तिसऱ्यात आटलेल्या मांजरा धरणाचे वर्णन आहे. चौथ्यात ‘राज्यातले ७० टक्के पाणी एकटा ऊस पितो’ हे वाक्य आहे. पाचव्यात एका शेतकऱ्याचे बोलणे आहे, सहाव्यात पुन्हा कारखाने आणि त्यांच्या संचालक मंडळांचे राजकारण. सातव्यात ठिबक सिंचनाचे गुणगान आहे. आठव्या परिच्छेदाचा शेवट ‘मराठवाड्यात उसावर बंदी घातल्याशिवाय तरणोपाय नाही’ असा होतो. भाषा सफाईदार आहे आणि सुरुवात पकड घेते. ‘छान झाला आहे’ असा अभिप्राय मिळण्याजोगाच हा मसुदा आहे.

पहिला प्रश्न युक्तिवादाचा असावा, आणि तो दिसायला अगदी साधा असतो: ‘या लेखाचे मुख्य म्हणणे तुमच्या शब्दांत एका वाक्यात लिहा. लेखात ते कोणत्या परिच्छेदात आले आहे?’ लेखकाचे वाक्य जसेच्या तसे उतरवायला मनाई असावी. हा मसुदा तिघांनी वाचला, तर उत्तरे साधारण अशी येतील. एक जण लिहील, ‘लातूरचे पाणी उसामुळे संपले.’ दुसरी लिहील, ‘मराठवाड्यात उसावर बंदी हवी.’ तिसरा लिहील, ‘साखरसम्राटांनी राजकारणासाठी पाणी पळवले.’ तिघांपैकी कोणीही चुकीचे वाचलेले नाही. लेखात ही तिन्ही विधाने आहेत, पण ती वेगवेगळ्या जातीची आहेत. पहिले कारण सांगते, दुसरे उपाय सुचवते आणि तिसरे दोष कोणाचा ते ठरवते. प्रत्येकाला लागणारा पुरावाही निराळा असतो. उसाने पाणी संपवले हे पूर्ण सिद्ध झाले, तरी बंदी हाच उपाय ठरतो असे नाही. मध्ये ठिबक, पीकबदल, पाणीपट्टी असे कितीतरी पर्याय उभे असतात.

तीन वाक्ये लेखकासमोर शेजारी-शेजारी ठेवली, की ‘तुझा दावा संदिग्ध आहे’ असे कोणी सांगण्याची गरज उरत नाही. म्हणून या प्रश्नाची उत्तरे वाचकांनी आपसात न बोलता लिहिणे महत्त्वाचे. आधी चर्चा झाली तर जो मोठ्याने बोलतो त्याचे वाक्य सगळ्यांच्या कागदावर येते, आणि जो फरक पाहायचा होता तोच नाहीसा होतो.

दुसरा प्रश्न दाव्याच्या आणि पुराव्याच्या मधल्या जागेचा. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूल्मिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाची जी फोड केली, तिचा वर्गात सर्वांत जास्त उपयोग इथे होतो. माणूस दावा करतो, त्याच्यासाठी आधार देतो, आणि या आधारावरून तो दावा का निघतो हे बहुधा बोलतच नाही. हा न बोललेला दुवा बाहेर काढायचा असतो. त्यासाठी टूल्मिनची परिभाषा पत्रकावर छापायची गरज नाही. प्रश्न असा पुरे: ‘लेखातला एक महत्त्वाचा पुरावा निवडा. तो शंभर टक्के खरा आहे असे धरा. तरीही दावा खोटा असू शकेल का? कसा?’

या मसुद्यावर तो लावून पाहावा. राज्यात सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा उसाला जातो, हे खरे धरले. तरीही लातूर शहराचे पिण्याचे पाणी उसामुळेच संपले, हे त्यावरून निघत नाही. राज्यातला पुष्कळ ऊस कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात आहे. तिथले पाणी लातूरच्या वाट्याचे नव्हते. लातूरपुरते बोलायचे, तर मांजरा खोऱ्यात ऊस किती होता, तो धरणाच्या पाण्यावर होता की विहिरी-बोअरवर, आणि पिण्यासाठी राखून ठेवायचा साठा शेतीकडे वळला होता का, हे सांगावे लागेल. मसुद्यात यातले काहीच नाही. लेखकाने राज्याचा आकडा देऊन जिल्ह्याचा निष्कर्ष काढला आहे. ‘पुरावा पुरेसा आहे का?’ या प्रश्नातून ही उडी कधीच सापडली नसती, कारण आकडा मोठा आहे आणि मोठा आकडा नेहमी पुरेसा वाटतो.

युक्तिवादाचा तिसरा प्रश्न विरोधकाचा. ‘दुसरी बाजू मांडली आहे का?’ असे विचारले, तर ‘थोडी मांडायला हवी होती’ असे गुळमुळीत उत्तर येते. त्यापेक्षा विरोधकाला माणूस म्हणून उभे करावे: ‘हा विषय चांगला जाणणारी आणि या लेखाशी असहमत असलेली व्यक्ती कोण असेल? ती सर्वांत आधी काय म्हणेल?’ इथे ती व्यक्ती बहुधा ऊस लावणारा शेतकरीच असेल. तो म्हणेल, कापूस-सोयाबीनचा भाव काय मिळेल ते पेरताना कळत नाही. उसाला केंद्र सरकारने ठरवलेली एफआरपी असते, कारखाना ऊस तोडून नेतो, आणि चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा नियम तरी आहे. तो नियम पाळला जातो की नाही हा वेगळा भाग, पण दुसऱ्या पिकाला तेवढाही आधार नाही. या उत्तराने बंदीचा दावा कोसळत नाही. मात्र बंदीनंतर शेतकऱ्याने काय लावावे, या प्रश्नाला सामोरे गेल्याखेरीज लेख पुढे जाऊ शकत नाही, एवढे स्पष्ट होते.

याच टप्प्यावर एक नेहमीची गडबड होते. ज्या विद्यार्थ्याच्या घरी ऊस आहे, तो लेखाच्या युक्तिवादावर न बोलता विषयावर भांडू लागतो. ज्याला लेखाचा निष्कर्ष पटतो, तो युक्तिवादातली भोके पाहतच नाही. ही दुसरी तऱ्हा जास्त घातक, कारण तीत आवाज होत नाही. पटणाऱ्या लेखाचे परीक्षण वाचकाच्या हातून नकळत सैल होते. यावर एक उपाय चालतो. पत्रकाच्या सुरुवातीलाच ‘लेख वाचण्यापूर्वी या विषयावर तुमचे मत काय होते?’ हे एका ओळीत लिहून घ्यावे. अभिप्राय वाचताना लेखकाला आणि शिक्षकाला ती ओळ हाताशी असते. ज्याचे मत आधीपासून लेखाच्या बाजूचे होते, त्याने नोंदवलेली शंका लेखकाने अधिक गंभीरपणे घ्यावी. विरोधी मताच्या वाचकाने ‘हा भाग मात्र पटला’ म्हटले असेल, तर तो परिच्छेद पक्का समजायला हरकत नाही.

पुराव्याच्या प्रश्नांना प्रश्नपत्रकात सर्वांत जास्त जागा आणि वर्गात सर्वांत जास्त वेळ द्यावा लागतो. युक्तिवादातली चूक विचार करून सापडते. पुराव्यातली चूक सापडायला उठून मूळ कागद पाहावा लागतो. म्हणून इथला मुख्य प्रश्न म्हणजे खरे तर एक काम असते: ‘लेखातले असे एक विधान निवडा की जे चुकीचे निघाल्यास लेखाचे सर्वांत मोठे नुकसान होईल. त्याचा मूळ स्रोत शोधा. स्रोतात नेमके काय लिहिले आहे ते उतरवा आणि लेखातले वाक्य त्याशेजारी ठेवा.’ सगळे आकडे तपासायला सांगितले तर कोणीच काही तपासत नाही. एक सांगितला तर बहुतेक जण तपासतात. शिवाय तो एक निवडताना लेखाचा भार कशावर उभा आहे, याचा विचार आपसूक होतो.

या मसुद्यात निवड होते ‘राज्यातले ७० टक्के पाणी एकटा ऊस पितो’ या वाक्याची. शोध घेतला की वाट केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाकडे जाते. उसाच्या दरासंबंधीच्या अहवालात या आयोगाने म्हटले आहे, की महाराष्ट्रात एकूण पिकाखालच्या क्षेत्राच्या ४ टक्क्यांहूनही कमी जागेवर असलेला ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी घेतो. वर्तमानपत्रांतून, भाषणांतून हा आकडा फिरत आला आणि फिरता फिरता त्याच्यातला ‘सिंचनाचे’ हा शब्द गळून पडला. ‘सिंचनाचे पाणी’ आणि ‘राज्यातले पाणी’ यांत घरगुती, औद्योगिक, वापरात न आलेले आणि पावसावरच्या पिकांनी घेतलेले अशा सगळ्या पाण्याचा फरक आहे. ‘जवळपास’ हाही शब्द गेला, म्हणजे अंदाजाची मोजणी झाली. आणि लेखकाच्या हिताचा जो भाग होता, चार टक्क्यांहून कमी क्षेत्राचा, तोही मसुद्यात आलेला नाही. मूळ स्रोत पाहिल्याने पुरावा नेहमी दुबळाच होतो असे नाही. इथे चूक दुरुस्त होऊन वाक्य अधिक धारदार झाले.

दुसरा पुरावा पाण्याच्या रेल्वेचा. मसुद्यात ‘पहिल्याच गाडीने २५ लाख लिटर पाणी आणले’ असे आहे. पुराव्याचा दुसरा प्रश्न असा असतो: ‘लेखातल्या एखाद्या आकड्याचा गुणाकार किंवा भागाकार करून तो जमतो का ते पाहा.’ पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ ला लातूरला पोहोचली. तिला दहा वाघिणी होत्या आणि एका वाघिणीत साधारण पन्नास हजार लिटर पाणी. दहा गुणिले पन्नास हजार म्हणजे पाच लाख लिटर. पंचवीस लाख लिटर पाणी नेणारी गाडी पन्नास वाघिणींची होती आणि ती नंतर सुरू झाली. या चुकीने लेखाचा निष्कर्ष बदलत नाही. पण लातूरच्या वाचकाला ती पहिल्याच परिच्छेदात दिसते, आणि पुढच्या सात परिच्छेदांवरचा त्याचा विश्वास उडतो. असे हिशेब करायला भाषेच्या विद्यार्थ्यांना संकोच वाटतो. प्रश्नपत्रकात तो स्पष्ट शब्दांत मागितला, तरच होतो.

तिसरा पुरावा माणसाचा. पाचव्या परिच्छेदातला शेतकरी म्हणतो, ‘आमच्या शिवारातल्या सगळ्या विहिरी उसानं आटवल्या.’ इथे विचारायचे ते असे: ‘या व्यक्तीला ही गोष्ट कशी माहीत आहे? तिने स्वतः काय पाहिले आणि काय ऐकले किंवा अनुमान केले?’ विहिरी आटल्या हे त्याने पाहिले. त्या उसामुळे आटल्या हे त्याचे अनुमान आहे. त्याच काळात लागोपाठ दोन पावसाळे तुटीचे गेले होते आणि बोअरही खोल खोल जात होते. त्याचे बोलणे काढून टाकावे असा याचा अर्थ नव्हे. ते आटलेल्या विहिरीचा आणि शेतकऱ्यांच्या समजुतीचा पुरावा म्हणून ठेवावे, कारणाचा पुरावा म्हणून वापरू नये. लेखकाने ते कारणाच्या जागी ठेवले आहे, कारण तिथे ठेवण्यासारखे दुसरे काही त्याच्याकडे नव्हते. पुष्कळ मसुद्यांत एखाद्याचे बोलके वाक्य अशी रिकामी जागा झाकत असते.

पुराव्याचा शेवटचा प्रश्न नसलेल्या पुराव्याचा: ‘कोणती एक माहिती मिळाली असती तर तुमचे मत पक्के झाले असते?’ याचे उत्तर लेखकाला पुढच्या कामाची दिशा देते. कोणी लिहील, उसाला एकूण पाणी किती लागते ते सांगा. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजाप्रमाणे उसाच्या एका पिकाला हवामान आणि कालावधीनुसार १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागते. मराठवाड्यात वर्षाचा पाऊस सरासरी सातशे-आठशे मिलिमीटरच्या आसपास. हे दोन आकडे शेजारी आले की उरलेले पाणी कुठून येते, हा प्रश्न वाचक स्वतःच विचारतो. आणखी कोणी लिहील, २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला होता, त्याचे पुढे काय झाले? ठिबकाचे गुणगान करणाऱ्या लेखात त्या निर्णयाचा उल्लेखही नसावा, ही उणीव ठळक आहे.

रचनेचे प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवावेत. दावा बदलला की रचना बदलतेच. दावा पक्का नसताना परिच्छेदांचा क्रम लावणे म्हणजे वाया जाणारी मेहनत. रचनेसाठी एकच काम पुरते, आणि तेही वीस मिनिटांत होते. वाचकाने प्रत्येक परिच्छेदाच्या समासात दोन छोट्या नोंदी करायच्या: हा परिच्छेद काय सांगतो आणि लेखात तो काय काम करतो. ‘सांगतो’ आणि ‘करतो’ हा भेद सुरुवातीला अवघड जातो. दुसरा परिच्छेद सहकारी कारखानदारीचा इतिहास सांगतो. पण तो करतो काय? समासात काय लिहावे ते वाचकाला सुचत नाही, आणि ते न सुचणे हेच उत्तर असते. सहावा परिच्छेद पुन्हा कारखान्यांचेच सांगतो. तो दोष कोणाचा ते ठरवतो, असे फार तर म्हणता येईल. मग इतिहासातली दोन वाक्ये तिथे नेऊन दुसरा परिच्छेद पूर्ण काढता येतो.

समासातल्या आठ नोंदी एकाखाली एक वाचल्या, की सातव्या आणि आठव्या परिच्छेदांतली विसंगती ढळढळीत दिसते. ‘ठिबकाने उसाचे पाणी निम्म्यावर येऊ शकते’ असे एक सांगतो आणि ‘बंदीशिवाय उपाय नाही’ असे दुसरा. पाणी निम्म्यावर येत असेल तर बंदी कशाला? आणि बंदीच हवी असेल तर ठिबकाचे कौतुक कशासाठी? लेख सलग वाचताना हे लक्षात येत नाही, कारण दोन्ही परिच्छेद एकाच जोशात लिहिलेले आहेत. नोंदींमध्ये जोश उतरत नाही, नुसते म्हणणे उतरते. ठिबकाने पाणी निम्म्यावर येण्याचा दावा कोणाचा, हा पुराव्याचा प्रश्नही त्याच वेळी उभा राहतो.

शुद्धलेखन आणि शब्दयोजना या पत्रकात नसावीच. त्या कमी महत्त्वाच्या आहेत म्हणून नव्हे. समोर दिसणारी वेलांटी दुरुस्त करणे सोपे आणि समाधान देणारे असते, आणि ती सोय उपलब्ध असली की वाचक अवघड प्रश्नाकडे वळतच नाही. शिवाय जो परिच्छेद उद्या काढून टाकायचा आहे, त्यातले ऱ्हस्व-दीर्घ आज सुधारण्यात काय हशील? मुद्रितशोधन हा वेगळा टप्पा आहे आणि तो शेवटच्या खर्ड्यावर करावा.

हे आठ प्रश्न आणि सुरुवातीची मताची एक ओळ एवढ्यात पत्रक पूर्ण होते. नऊशे शब्दांच्या मसुद्याला याहून जास्त प्रश्न लावले की उत्तरे आखूड होत जातात आणि शेवटची तीन-चार नुसती भरायची म्हणून भरली जातात. एका मसुद्याला तीन वाचक असावेत. एकच वाचक असला तर त्याची शंका ही मसुद्याची उणीव की त्याची स्वतःची, हे लेखकाला ठरवता येत नाही. तिघे एकाच परिच्छेदाशी अडले, तर शंकेला जागा उरत नाही. स्रोत शोधण्याचे काम घरी द्यावे, बाकीचे वर्गात एका तासात बसते. लेखी उत्तरे झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे बोलणे होते, आणि त्यात लेखकाने पहिली काही मिनिटे गप्प राहायचे असते. नाहीतर ‘मला तसे म्हणायचे नव्हते’ हे स्पष्टीकरण सुरू होते. छापून आलेल्या लेखासोबत लेखक वाचकाच्या घरी जात नाही, तेव्हा त्याला काय म्हणायचे होते हे कागदावरच असायला हवे.

वाचकांची मते एकमेकांशी जुळली नाहीत तर काय, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. एक जण शेतकऱ्याचे बोलणे वाढवा म्हणतो, दुसरी काढा म्हणते. अशा वेळी उपाय बाजूला ठेवून दोघे कशाशी अडले ते पाहावे. दोघेही पाचव्या परिच्छेदापाशीच अडले आहेत, म्हणजे तिथे काहीतरी कच्चे आहे. काय करायचे ते लेखकाने ठरवावे. त्यासाठी सुधारित लेखासोबत त्याच्याकडून अर्ध्या पानाची बदलनोंद घ्यावी. कोणती सूचना स्वीकारली, कोणती नाकारली आणि का नाकारली, एवढेच तिच्यात असावे. सगळ्या सूचना निमूटपणे स्वीकारलेला लेख बहुधा पहिल्यापेक्षा वाईट होतो, कारण त्यात तीन जणांचे तीन लेख घुसलेले असतात.

कल्पिलेल्या मसुद्याच्या बदलनोंदीत मुख्य नोंद दाव्याची असेल. बंदी गेली आणि तिच्या जागी ‘मांजरा खोऱ्यात पिण्याचा साठा बाजूला काढल्याशिवाय उसाला धरणाचे पाणी देऊ नये’ असे वाक्य आले. हा दावा लहान आहे, पण तो सिद्ध करण्याजोगा आहे. त्याला लागणारी माहिती पाटबंधारे खात्याकडे माहितीच्या अधिकारात मागता येते. दुसरा परिच्छेद गेला, चार टक्क्यांचा भाग आत आला, आणि ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याचा आक्षेप सहाव्या परिच्छेदात त्याच्याच हिशेबासह आला.

या सरावात गुण कशाला द्यावेत, हा शिक्षकांपुढचा व्यावहारिक प्रश्न आहे. बहुतेक ठिकाणी ते सुधारित लेखाला दिले जातात आणि अभिप्रायाचे कागद तसेच राहतात. क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांचे दोन गट होते. एका गटाने सत्रभर फक्त दुसऱ्यांच्या लेखांचे परीक्षण करायला शिकले, दुसऱ्याने फक्त मिळालेल्या अभिप्रायांचा उपयोग करायला शिकले. सत्राअखेर स्वतःच्या लेखनात परीक्षण करणाऱ्यांची प्रगती जास्त दिसली. ते विद्यार्थी इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणारे होते, तेव्हा निष्कर्ष मराठीच्या वर्गाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी अभिप्रायाच्या कागदाला लेखाइतकेच गुण ठेवायला तेवढा आधार पुरेसा आहे, आणि ते गुण किती चुका काढल्या यावर न देता, परिच्छेद क्रमांक आणि मूळ स्रोत दाखवून किती उत्तरे लिहिली यावर द्यावेत.